बारा चुका आणि तेरा चुका

नीटमध्ये ७२० पैकी दोनशे मार्क पडलेला मुलगा हा महाराष्ट्रातला सर्वांत सुखी तरुण असतो. त्याला कोणी काही विचारत नाही. घरी एक दिवस आरडाओरडा होतो, एक दिवस अबोला होतो आणि तिसऱ्या दिवशी तो बी.कॉम.चा फॉर्म भरून कट्ट्यावर चहा पीत बसलेला दिसतो. हाल होतात ते थोडक्यात हुकलेल्याचे. तो सार्वजनिक मालमत्ता होतो. येणारा-जाणारा त्याच्या पाठीवर हात ठेवून 'किती कमी पडले?' असं विचारतो, आणि आकडा ऐकल्यावर 'अरेरे, एवढेच?' म्हणतो. त्या 'एवढेच'मध्ये सहानुभूती किती आणि समाधान किती, हे सांगणारी परीक्षा अजून निघालेली नाही.

माझा भाचा ओंकार आणि त्याच्या शेजारच्या बिल्डिंगमधली सायली हे दोघे २०२४ साली असे थोडक्यात हुकले. तो निकालही मोठ्या मुहूर्तावर लागला. जाहीर केलेल्या तारखेच्या दहा दिवस आधी, ४ जूनला, म्हणजे ज्या दिवशी लोकसभेची मतमोजणी होती त्याच संध्याकाळी. भाऊजी टीव्हीसमोर बसून कोण किती मतांनी आघाडीवर आहे ते पाहत होते. तेवढ्यात ओंकार आतून म्हणाला, "बाबा, ६३३." भाऊजी म्हणाले, "कुठल्या मतदारसंघात?"

६३३ म्हणजे आदल्या वर्षीच्या हिशेबाने पेढे वाटायचे मार्क. ताईने दूध उकळायलाही ठेवलं होतं. पण रात्री नऊपर्यंत सगळ्या देशाला कळलं, की यंदा मार्कांचा महापूर आला आहे. ७२० पैकी ७२० मिळवणारेच सदुसष्ट जण होते. परीक्षा तेवीस लाखांहून जास्त मुलांनी दिलेली. अशा वर्षी ६३३ला काय किंमत राहणार? त्यात जुलैमध्ये आणखी एक गंमत झाली. फिजिक्समधल्या अणूवरच्या एका प्रश्नाला आधी दोन उत्तरं बरोबर धरली होती. एक नव्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे आणि दुसरं जुन्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांना विचारलं गेलं आणि एकच उत्तर बरोबर ठरलं. चार लाखांहून अधिक मुलांचे मिळालेले चार मार्क गेले आणि वर एक निगेटिव्ह बसला. ओंकारने मोठ्या चुलतभावाचं जुनं पुस्तक वापरलं होतं. पुस्तकाचे शंभर-दीडशे रुपये वाचले आणि पाच मार्क गेले. झाले ६२८. सायलीने नवं पुस्तक घेतलं होतं; तिचे ६३१ ते ६३१च राहिले.

महाराष्ट्रात खुल्या गटाला सरकारी एमबीबीएसची यादी त्या वर्षी ढोबळमानाने सहाशे चाळीसच्या आसपास थांबली. म्हणजे दोघांचंही तीन-चार प्रश्नांनी हुकलं. खाजगी कॉलेज मिळत होतं. पण सरकारी कॉलेजची वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या घरात आणि खाजगीची दहा लाखांच्या अलीकडे-पलीकडे. भाऊजी जिल्हा परिषदेत क्लार्क. साडेचार वर्षांची बेरीज त्यांनी कॅल्क्युलेटरवर एकदा केली, मग यंत्र बिघडलं असेल म्हणून मोबाइलवर केली आणि विषय संपला.

मग घरात बैठक बसली. थोडक्यात हुकलेल्या मुलाच्या घरची बैठक ही ग्रामसभेसारखी असते. तिथे बोलण्याचा अधिकार सर्वांना आणि खर्च एकाच्या अंगावर. आजीने ठराव मांडला, की आयुर्वेद मिळतंय तर घ्या, शेवटी पाटीवर डॉक्टरच लिहितात. थोरल्या काकांचं मत होतं, फिलिपाइन्सला पाठवा. फिलिपाइन्स नकाशात कुठे आहे हे विचारल्यावर ते 'विमानाने जातात' एवढंच म्हणाले. बँकेतून निवृत्त झालेले खालच्या मजल्यावरचे देशपांडे काका रिपीटच्या बाजूचे. "अहो, तीनच प्रश्नांचा प्रश्न आहे. एका वर्षात तीन प्रश्न येत नाहीत?" आणि सर्वांत लाडका ठराव आला तो मावशीकडून : "बी.एस्सी.ला नाव घालून ठेवा आणि इकडे नीटचा अभ्यास करू द्या. गॅप नको पडायला."

या 'नाव घालून ठेवा'वर आपल्याकडे निम्मी बी.एस्सी. चालते. जुलैमध्ये एफ.वाय.चा वर्ग खच्चून भरलेला असतो, पण दाराजवळच्या बाकांवर जास्त गर्दी. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आणि मोबाइलमध्ये सीईटी सेलचं पान. मेडिकलचा पहिला कॅप राउंड लागला की दोन बाकं रिकामी होतात, दुसरा लागला की आणखी दोन. जुने प्राध्यापक तिसरा राउंड होईपर्यंत मुलांची नावंसुद्धा पाठ करत नाहीत. आणि ज्याला सीट मिळते त्याला तेव्हा आठवतं, की ओरिजनल टीसी बी.एस्सी.च्या कॉलेजात जमा आहे. मग मेडिकलची प्रवेशाची मुदत दोन दिवसांवर, कॉलेजचा क्लार्क रजेवर आणि कपाटाची किल्ली क्लार्ककडे. ज्याला सीट मिळत नाही त्याची त्याहून मजा. तो सकाळी प्रॅक्टिकलला आणि दुपारी क्लासला. डिसेंबरात सेमिस्टरची परीक्षा येते तेव्हा त्याचं जर्नल अपुरं असतं आणि टेस्ट सिरीजही अपुरी असते.

ओंकार आणि सायली या दोघांच्या नशिबी मात्र एक माणूस बरा होता. कॉलनीत जाधव सर राहतात. ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. ताईने त्यांना विचारलं, "सर, याने रिपीट करावं का?" सर म्हणाले, "मार्क नका सांगू. चुका घेऊन या."

निकालाच्या आधी मुलाने रंगवलेल्या ओएमआरची प्रत आणि उत्तरसूची वेबसाइटवर मिळते. बहुतेक घरांत ती एकदा मार्क मोजण्यापुरती उघडतात आणि मग परत कुणी बघत नाही. सरांनी दोघांनाही प्रश्नपत्रिका, ओएमआर आणि उत्तरसूची घेऊन जेवणाच्या टेबलावर बसवलं. नियम साधा होता. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तो का चुकला ते लिहायचं. 'सिली मिस्टेक' हा शब्द वापरायचा नाही. "सिली मिस्टेक हे चुकीचं माहेरचं नाव आहे," सर म्हणाले, "मला सासरचं सांग."

ओंकारचे १६० बरोबर, १२ चूक आणि ८ सोडलेले. १६० चोक ६४० वजा १२, म्हणजे ६२८. बारांपैकी पाच प्रश्न शेवटच्या चार मिनिटांत न वाचता गोल काळे केलेले. तीन ठिकाणी प्रश्नात 'अयोग्य विधान ओळखा' होतं आणि ह्याने पहिलं योग्य विधान दिसताच आनंदाने रंगवलं होतं. तीन खरोखर येत नव्हते. आणि एक तो जुन्या पुस्तकातला अणू. सोडलेल्या आठांपैकी सहा त्याने तिथेच टेबलावर बसून सोडवले.

"तीन प्रश्न नीट वाचले असते तर प्रत्येकी पाच, म्हणजे पंधरा मार्क," सर म्हणाले. चार मिळायचे राहिले आणि एक कापला गेला, म्हणून पाच. ६४३. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वेळा 'अ' वाचला असता तर मुलगा डॉक्टर झाला असता! सरांनी मात्र त्याला विचारलं, "बायोलॉजीला किती वेळ घालवलास?" ओंकार म्हणाला, "सत्तर-ऐंशी मिनिटं असतील." सर म्हणाले, "नव्वद प्रश्न, त्यातले निम्मे एका ओळीच्या उत्तराचे. पंचेचाळीस-पन्नास मिनिटांत उरकायला हवेत. तुला येत नाही असं फार थोडं आहे. तुला घाई कधी करायची आणि कधी नाही हे कळत नाही. हे वर्षभरात सुधारतं."

सायलीची गोष्ट वेगळी. तिचे १६१ बरोबर, १३ चूक, ६ सोडलेले : ६४४ वजा १३, ६३१. ओंकारपेक्षा तीन जास्तच. पण तेरा चुकांपैकी दहा फिजिक्समधल्या आणि सोडलेले सहाच्या सहा फिजिक्सचे. फिजिक्समध्ये १८० पैकी १०६ आणि बाकीच्या दोन विषयांत मिळून ५४० पैकी ५२५! शिवाय तिचं हे रिपीटचंच वर्ष होतं. सरांनी आदल्या वर्षीची उत्तरपत्रिका काढायला लावली. तेव्हाही रोटेशनल मोशन, तेव्हाही चुंबकत्व, तेव्हाही तेच. मधल्या वर्षात तिने काय केलं होतं? बायोलॉजीचं पुस्तक आणखी चार वेळा वाचलं होतं. ते वाचताना सगळं येतंय असं वाटतं, मन प्रसन्न राहतं आणि घरच्यांनाही पोरगी पुस्तकात डोकं घालून बसलेली दिसते. आधी ३६० पैकी साडेतीनशे पडतात त्या विषयाला आणखी वर्ष दिलं तर मिळून मिळून दहा मार्क मिळणार. फिजिक्स उघडलं की पोटात गोळा येतो, म्हणून ते 'उद्यापासून' होतं.

"तुला आणखी एक वर्ष नको," सर तिला म्हणाले. "तुला दुसरा मेंदू हवा, आणि आहे तो बायोलॉजीसाठी उत्तम आहे."

कॉलनीला हा निकाल मान्य झाला नाही. ६२८वाला रिपीट करतो आणि ६३१वाली बी.एस्सी.ला जाते, हे कसलं गणित? देशपांडे काकांनी तर सायलीच्या वडिलांना जिन्यात गाठून तीन मार्कांचा हिशेब समजावून सांगितला. 'तीन प्रश्नांचा प्रश्न' हे त्यांचं जुनं गणितही अजून सुटलं नव्हतं. मुळात ते तीन प्रश्न पुढच्या वर्षी तिथे नसतातच. पेपर नवा, मुलं नवी, रेघ नवी. उरलेले बारा मार्क आणून भरले की सीट मिळाली, असा हा हप्त्यावर घेतलेला फ्रिज नाही. पुढच्या वर्षी सगळे १८० प्रश्न पुन्हा सोडवायचे आणि बाकीच्या लाखांच्या पुढे उभं राहायचं. मार्क फक्त निमित्त, खरी गाठ रँकशी.

ओंकार लातूरला गेला. तिथे ट्यूशन एरियात एक अख्खं गावच मुलांचं आहे. खोल्या, खानावळी, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकानं आणि प्रत्येक भिंतीवर हसणारे गेल्या वर्षीचे टॉपर. खोलीत तिघे. एक नांदेडचा, एक बीडचा आणि हा. तिघेही थोडक्यात हुकलेले, त्यामुळे कोणीच कोणाला 'अरेरे' म्हणत नसे, हा मोठा आराम होता. रविवारी दुपारी २ वाजता टेस्ट, कारण खरी परीक्षाही दुपारी दोनलाच असते आणि जेवणानंतर त्या वेळी झोप येऊ न देणं हाही अभ्यासक्रमाचा भाग आहे.

रिपीटरचं वर्ष कसं जातं हे लातूरचा कुठलाही खानावळवाला सांगेल. जून-जुलैत पोरं दोन चपात्या जास्त खातात, उत्साह असतो. पहिल्या टेस्टला सहाशे पडतात, कारण सगळं एकदा झालेलं असतं. मग ऑक्टोबर येतो. मार्क सहाशेवर अडतात आणि हलत नाहीत. शिकवणारे शिकवत असतात, पोरगं मान डोलवत असतं, 'हे येतंय, हे येतंय' म्हणत असतं आणि टेस्टमध्ये तेच चुकत असतं. ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे, हा साक्षात्कार साधारण दिवाळीत होतो. त्या सुमारास घरी फोन जातात : "जेवण चांगलं नाही." जेवणाचा काही संबंध नसतो.

ओंकारलाही तो फोन करावा लागला. ताई लगेच लाडू घेऊन निघाली होती. जाधव सरांनी लाडवांबरोबर एक दोनशे पानी वही पाठवली. टेस्ट झाली की चुकलेला प्रश्न त्या वहीत उतरवायचा, शेजारी का चुकला ते एका ओळीत, आणि पुढच्या टेस्टच्या आदल्या रात्री फक्त ती वही वाचायची. नोव्हेंबरात एका टेस्टच्या अठरा चुकांपैकी सात 'वाचलं नाही' सदरातल्या होत्या. मग त्याने 'अयोग्य' आणि 'नाही' हे शब्द दिसले की त्याभोवती पेनाने गोल करायची सवय लावली. फेब्रुवारीत त्या सदरात एकच उरली. येत नव्हतं ते थोडंफार तसंच राहिलं; पण वाचता यायला लागलं. बारा वर्षं शाळेत गेलेल्या मुलाला वाचायला शिकवण्यासाठी दीड लाख रुपये खर्च झाले, असं भाऊजी अजूनही म्हणतात.

इकडे सायलीने बॉटनी मेजर घेऊन एफ.वाय.ला प्रवेश घेतला. नव्या शैक्षणिक धोरणाचं कॉलेजातलं ते पहिलंच वर्ष होतं, त्यामुळे काय शिकायचं हे मुलांना माहीत नव्हतं आणि काय शिकवायचं हे कॉलेज परिपत्रकांत शोधत होतं. एका सेमिस्टरला २२ क्रेडिट. मेजर, मायनर, शिवाय दुसऱ्या शाखेतला एक विषय घेणं सक्तीचं. सायलीच्या वाट्याला कॉमर्सकडचा बँकिंगचा विषय आला. भारतीय ज्ञानप्रणालीही होती आणि एनएसएसमध्ये झाडं लावायची होती. तिचे वडील म्हणाले, "बॉटनीला गेलीस म्हणून झाडं लावायला लावतात काय?" एक वर्ष करून ४४ क्रेडिट आणि वर चार क्रेडिटचं कौशल्याचं काम पुरं केलं तर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं, तीन वर्षांनी डिग्री, चार वर्षांनी ऑनर्स. पूर्वी बी.एस्सी. अर्धवट सोडणाऱ्याला नापास म्हणत, आता एक्झिट घेतली म्हणतात.

पण प्रॅक्टिकलला तिची गंमत झाली. कांद्याच्या मुळाच्या टोकातलं पेशीविभाजन बघायचं होतं. समविभाजनाच्या सगळ्या अवस्था तिला झोपेत उठवलं तरी पाठ. एकूण पेशीचक्राचा पंचाण्णव टक्क्यांहून अधिक काळ पेशी नुसती तयारीत, म्हणजे इंटरफेजमध्ये असते, यावर तिने दोन वर्षांत शेकडो गोल काळे केले होते. आता तिने मुळाचं दोन मिलिमीटरचं टोक कापलं, अ‍ॅसिटोकार्मिनच्या रंगात थोडं गरम केलं, काचेवर ठेवून टिपकागदाखाली अंगठ्याने दाबलं आणि सूक्ष्मदर्शकात डोळा लावला. इंटरफेज. सरकवलं. इंटरफेज. सगळीकडे गुलाबी ठिपक्यांसारखी केंद्रकं बसलेली आणि काही करायला तयार नाहीत. तिने मॅडमना हाक मारली, "मॅडम, माझा कांदा खराब आहे." मॅडम म्हणाल्या, "कांदा बरोबर आहे. पंचाण्णव टक्के म्हणजे असंच दिसतं." जास्त जोरात दाबलं तर पेशी फाटतात, हळू दाबलं तर थरावर थर राहतो. चौथ्या स्लाइडला एका कोपऱ्यात गुणसूत्रं दोन्ही टोकांकडे ओढली जाताना दिसली, अ‍ॅनाफेज. सायलीने अख्ख्या बॅचला बोलावून ती दाखवली. दोन वर्षं ज्याची उत्तरं देत होती ते तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्यानंतर ती दाराजवळच्या बाकावरून उठून पुढे बसायला लागली. एम.एस्सी.साठी आयआयटीची जॅम ही परीक्षा असते, हे तिला पुढच्या बाकावरच्या मुलींकडून कळलं. परीक्षांपासून सुटका नाहीच. पण एफ.वाय.ला तरी फिजिक्स नव्हतं.

मे २०२५. पेपर ४ तारखेला झाला. आधी दोनशेतले एकशेऐंशी निवडून सोडवायची मुभा होती आणि वेळ २०० मिनिटं; यंदा १८० प्रश्न, १८० मिनिटं, निवड बंद. आणि फिजिक्स असं निघालं, की केंद्राबाहेर आलेली मुलं पालकांशी न बोलता थेट गाडीवर मागे बसली. ओंकार अर्धी बाही, साध्या चपला आणि उतरलेला चेहरा घेऊन बाहेर आला. "वीस सोडले," एवढंच म्हणाला.

निकाल लागला. १४० बरोबर, २० चूक, २० सोडलेले. ५४०. ताईने दूध उकळायला ठेवलंच नव्हतं. गेल्या वर्षीपेक्षा अठ्ठ्याऐंशी मार्क कमी! वर्ष गेलं, दीड लाख गेले, लाडू गेले. नातेवाइकांचे फोन सुरू झाले आणि यंदा कोणी 'अरेरे, एवढेच?' म्हटलं नाही. जाधव सरांनी मात्र विचारलं, "देशात पहिल्याला किती?" ओंकार म्हणाला, "६८६." सर म्हणाले, "मग दूध ठेवा."

त्या वर्षी सरकारी एमबीबीएसची रेघ खुल्या गटासाठी पाचशेच्या थोडी वर थांबली. ओंकारला पहिल्याच राउंडला सरकारी कॉलेज मिळालं. टीसी घरीच, ताईच्या साड्यांखाली होती. गॅपचं प्रतिज्ञापत्र अर्ध्या दिवसात झालं. सायली पेढे खायला आली, तिने स्वतःहून पेपर मागून घेतला, फिजिक्सची पानं उलटली आणि समाधानाने दुसरा पेढा उचलला.

पेढे घेऊन मी देशपांडे काकांकडे गेलो. त्यांनी पेढा तोंडात टाकला, मार्क विचारले, बोटांवर वजाबाकी केली आणि दार लोटून घेऊन हळूच म्हणाले, "गेल्या वर्षी ६२८ला नाही आणि यंदा ५४०ला हो? मला सांगा, भाऊजींची ओळख कुठवर आहे?"